शनिवार, १३:०७ पर्यंत

गुरुवारी दुपारी कणीक मळत होते आणि ओट्यावरचा फोन थरथरला. चिकट बोटांनी फोन उचलायचा नाही, हा नियम मी घरात सगळ्यांना लावते आणि स्वतः मोडते. करंगळीनं पडदा सरकवला. पाचकोमात म्हणजे रस्त्याकडेला उभं असलेलं, पार्सल ठेवायच्या खणांचं कपाटयंत्र. त्याच्या अ‍ॅपवर पार्सल येऊन पडल्याची वर्दी होती. मध्ये चौकोनी क्यूआर, खाली सहा आकडी कोड, त्याखाली यंत्राचं नाव आणि पत्ता, आणि शेवटी मुदत. शनिवार, १३:०७.

व्रोत्सवाफमध्ये राहायला आल्यावर पोलिश भाषेच्या आधी मी हा पडदा वाचायला शिकले. इथे टपाल दारात कमी आणि नाक्यावर जास्त येतं. इनपोस्ट कंपनीनं २००९ मध्ये ही कपाटं रस्त्याकडेला उभी करायला सुरुवात केली. आता किराणा दुकानाच्या भिंतीला, पेट्रोलपंपाशी, पार्किंगच्या कोपऱ्यात, जिथे बघावं तिथे पिवळी-करडी दारं दिसतात. कुरिअर पार्सल खणात ठेवतो, दार लावतो, आणि त्या क्षणापासून आपले ४८ तास सुरू होतात.

हे ४८ तास मला पचायला वेळ लागला. आमच्या सांगलीकडे ‘दोन दिवसांत या’ म्हटलं की आजचा दिवस धरायचा नसतो, रविवार तर नाहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान मिटायच्या आत पोचलं तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. या यंत्राला असलं काही ठाऊक नाही. रात्र मोजली जाते, रविवारही मोजला जातो, आणि १३:०७ म्हणजे १३:०७.

त्यामुळे मी कोडच्या आधी मुदत वाचते, आणि मुदतीतही तारखेच्या आधी घड्याळ. पार्सल सोमवारी सकाळी ६:४० ला खणात पडलं तर मुदत बुधवारी सकाळी ६:४० ची. कागदावर दोन दिवसच. पण नोकरीवर जाणाऱ्या माणसाच्या हातात येते सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची संध्याकाळ. बुधवारी पहाटे उठून हिवाळ्याच्या काळोखात कोण जातंय? उलट हे गुरुवारी दुपारचं पार्सल बघा. गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवारची संध्याकाळ आणि वर शनिवारची अख्खी सकाळ. तेवढेच ४८ तास, पण केवढी ऐसपैस मुदत! कुरिअर आपल्या नाक्यावर कुठल्या वेळी येतो त्यावर आपलं नशीब ठरतं. आमच्या घराजवळचा दुपारचा आहे. देव त्याचं भलं करो.

आमचे मामा राजापूरहून एस.टी.नं आंब्याच्या पेट्या पाठवायचे. आधी पत्र यायचं, पुढे पुढे शेजाऱ्यांकडे फोन, की अमुक गाडीनं टाकल्यात. मग बाबा आणि मी सायकलवरून स्टँडवर. पार्सल ऑफिस म्हणजे जाळीची खिडकी, आत बारदानाचा आणि पिकल्या केळ्यांचा वास, आणि कानावर पेन्सिल खोचलेला एक माणूस, ज्याला कधीच घाई नसायची. पावती दाखवली की तो आधी बाबांची चौकशी करायचा, मग आजोबांची, मग पेट्यांच्या थप्पीकडे वळायचा. उशीर झाला तर ‘डॅमरेज’ भरावं लागेल अशी पाटी होती. ते किती, कधीपासून, हे बाबांनाही माहीत नव्हतं. पण तो शब्द उच्चारला की आई जेवण टाकून आम्हांला पिटाळायची. खरी मुदत आंब्यांचीच होती. पेटीच्या फटीतून वास सुटायला लागला की ती संपत आलेली असायची. एकदा गाडी वाटेत बंद पडून पेट्या उशिरा पोचल्या, तेव्हा त्या कानावर पेन्सिलवाल्यानंच आमच्या ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर निरोप धाडला होता, “सरांना सांग, तुमचे आंबे आता रस काढायच्या लायकीचे झालेत.”

पाचकोमात निरोप वेळेवर धाडतो, पण आंबे कसे आहेत ते सांगत नाही. मुदत अर्धी उलटली की आठवण येते, संपत आली की पुन्हा येते. पार्सलचा सगळा प्रवास अ‍ॅपमध्ये उलगडून बघता येतो, त्यात तुम्हांला आठवण केल्याचीसुद्धा नोंद असते: Przypomnienie o czekającej paczce. शाळेच्या डायरीतल्या शेऱ्यासारखी, तारीख-वेळेसह. त्याच्या वर कधी Upłynął termin odbioru अशी ओळ उमटली, की मुदत गेली. मग कुरिअर पुढच्या फेरीला ते पार्सल काढून घेतो आणि ते पाठवणाऱ्याकडे परत जायच्या वाटेला लागतं. यंत्राचा राग वगैरे काही नसतो. त्या खणात ठेवायचं दुसऱ्या कुणाचं तरी पार्सल गाडीत घेऊन तो आलेला असतो, एवढंच. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत कपाटासमोर उभं राहिलं की हे कळतं. एक दार उघडून बाई दिव्यांच्या माळेचं खोकं काढते आणि मागे कुरिअर हातगाडी घेऊन तेच दार रिकामं व्हायची वाट बघत असतो.

शनिवारी जमत नसेल तर पळवाट आहे. मुदत संपायच्या आत अ‍ॅपमधूनच थोडे झ्लोटी भरून एक दिवस वाढवून घेता येतो. नवऱ्याला हे भारी आवडतं. त्याच्या मते मुदत ही बोलणी सुरू करायची जागा. मला मात्र ते डॅमरेज वाटतं, आणि डॅमरेज म्हटलं की मी अजूनही जेवण टाकून उठते.

कोड बघण्याआधी आणखी एक गोष्ट मी डोळे बारीक करून वाचते, ती यंत्राचं नाव. प्रत्येक कपाटाला नाव असतं. आमच्याकडची WRO पासून सुरू होतात, पुढे आकडे, बहुतेकदा शेवटी एखादं अक्षर. नेहमीचं कपाट भरलेलं असलं की पार्सल जवळच्या दुसऱ्या कपाटात जाऊ शकतं. संदेश तोच, रंग तोच, फक्त नावातले आकडे बदललेले. मग एखादा तरुण नेहमीच्या कपाटासमोर उभा राहून बरोबर कोड पुन्हा पुन्हा दाबत असतो आणि यंत्र त्याला पुन्हा पुन्हा नाही म्हणत असतं. तो आधी स्वतःवर संशय घेतो, मग यंत्रावर, मग आजूबाजूला बघतो. अशा वेळी मी कपाटावरच्या नावाकडे नुसतं बोट दाखवते. मोडक्या पोलिशपेक्षा ते बरं.

राहिला कोड. आता फारसं कुणी तो दाबत नाही. क्यूआर दाखवतात, नाहीतर अ‍ॅपमधूनच दार उघडतात. कपाटाजवळ येऊन पडद्यावर बोट टेकलं की खटकन दार. बहुतेक तरुण मुलं तसंच करतात, चालता चालता, कानातलं गाणं न थांबवता. मी करत नाही. मी घरातून निघताना सहा आकडे वाचते आणि फोन खिशात टाकून, वाटभर ते घोळवत, तोंडपाठ करत जाते. याला माझी मुलगी विक्षिप्तपणा म्हणते. पण जानेवारीत उणे दहात फोनची बॅटरी बघता बघता मान टाकते, आणि पडदा असलेल्या कपाटाला फोन नंबर आणि सहा आकडे एवढंच पुरतं. अर्थात हल्ली बिनपडद्याची कपाटंही आली आहेत, सौर पट्टीवर चालणारी, जी फक्त फोनशी ब्लूटूथनं बोलतात. तिथे पाठांतराचा उपयोग शून्य. तसल्या कपाटाकडे जायचं असलं की मी फोन स्वेटरच्या आत, अगदी अंगाशी धरून नेते.

नंबर आणि कोड असला की कुणीही पार्सल काढू शकतं, म्हणून तो कोड कुणालाही सांगू नये. आणि याच कारणानं तो योग्य माणसाला सांगितला की फार सोय होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा धरला की मी त्यांचं पार्सल आणते. त्या मला चिठ्ठीवर दोन ओळी लिहून देतात, वर नऊ आकड्यांचा फोन नंबर, खाली सहा आकडी कोड. वरचा नंबर त्यांच्या यजमानांचा आहे. ते जाऊन बराच काळ झाला. दुकानांमधली सगळी खाती त्यांच्याच नंबरावर आहेत आणि आजींनी ती बदललेली नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

दार उघडल्यावरही काम संपत नाही, निदान माझ्या उंचीच्या बाईचं. सर्वांत लहान खण ८ सेंटिमीटर उंच आणि ६४ सेंटिमीटर खोल. त्यात छोटं पाकीट घसरून मागच्या भिंतीला टेकलेलं असतं आणि खण जर वरच्या ओळीत असेल तर आत काय आहे ते दिसतच नाही. टाचा उंचावून कोपरापर्यंत हात घालायचा आणि चाचपडायचं. हिवाळ्यात आतला पत्रा असा गार की हाताला पाकीट लागलं की पत्रा, ते कळत नाही. खालच्या ओळींतला खण मागायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण पार्सल पोचायच्या आधी सांगावं लागतं. आणि कधी कधी एकाच खणात आपली दोन पार्सलं एकत्र येतात, एकाच कोडवर. घाईत वरचं उचलून दार लावलं, की खालचं तिथेच. म्हणून हात आणखी एकदा आत.

गुरुवारचं ते पार्सल माझं नव्हतंच, नवऱ्यानं मागवलेल्या मोज्यांचं होतं. आणायला त्याला शुक्रवारी जमलं नाही आणि शनिवारी आम्ही पहाटेच प्रागला निघणार होतो. त्याचं म्हणणं, राहू दे, परत जाईल, पैसे परत मिळतील. मी त्याला सांगितलं की ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करायचा हक्क आहे, पण तसं विक्रेत्याला कळवावं लागतं. खणात पडू दिली म्हणजे कळवलं असं होत नाही. तो म्हणाला, “मोजेच आहेत गं.” मग त्यानंच एक दिवस वाढवून घेतला, रविवारी दुपारी १३:०७ पर्यंत. प्रागहून आम्ही रविवारी रात्री परतणार आहोत, हे दोघांनाही माहीत होतं. पण वाढवल्यावर त्याला बरं वाटलं. मोजे गेले. आता तो नवे मागवतोय, आणि मी म्हटलं, मागव.