प्रायोजकाच्या परिचयाच्या त्या अकरा ओळी

आमच्या वाचनालयाच्या तीन दिवसांच्या व्याख्यानमालेचं सूत्रसंचालन यंदा माझ्याकडे होतं. वक्ते, सभागृह, पत्रिका, सगळं वेळेत जमलं. अडलं ते प्रायोजकाच्या परिचयावर, आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

माईक-स्पीकरचा खर्च गावातल्या एका सराफी पेढीनं उचलला होता. बदल्यात फलकावर नाव आणि माईकवरून रोज एक उल्लेख, असं तोंडी ठरलं. तिथेच चुकलं. ‘तीन वाक्यं, मजकूर वाचनालयाचा’ असं पत्रातच लिहून द्यायला हवं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी चारला पेढीच्या व्यवस्थापकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा ओळी धाडल्या. शुद्धतेची परंपरा, घडणावळीवर सूट, सुवर्ण भिशी आणि शेवटी फोन नंबर. फोन केला तर म्हणाले, “सर, एवढं वाचावंच लागेल, वरून आलंय.” पुन्हा केला, पुन्हा तेच. साडेसहाला कार्यक्रम. शेवटी पाचला मी थेट पेढीवर गेलो. मालक गिऱ्हाइकात होते. वीस मिनिटं बाकावर बसून राहिलो, नजर घड्याळावर. मोकळे झाल्यावर त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “अहो, हे तर आमच्या दिवाळीच्या पत्रकातलं. तुम्हाला योग्य वाटेल ते बोला. वडिलांचं नाव तेवढं घ्या.” इतकं हायसं वाटलं! सरळ मालकांशीच बोलावं, हे मला चारलाच सुचायला हवं होतं.

मी बोललो ते असं : “गेल्या वर्षी पाचव्या रांगेच्या मागे नीट ऐकू येत नव्हतं, तुम्हीच अभिप्राय वहीत लिहिलं होतं. यंदा मागे दोन जादा स्पीकर आहेत. त्यांचा खर्च,” पुढे मालकांचं आणि पेढीचं नाव, “यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिला आहे. वाचनालय त्यांचं आभारी आहे.” वडिलांचं नाव पूर्ण घेतलं. ‘जोरदार टाळ्या’ म्हणावं लागलं नाही. मागच्या रांगांनी आपणहून वाजवल्या.

लिहिताना मी एकच कसोटी लावली होती : जे वाक्य त्यांच्या पत्रकात जसंच्या तसं छापता येईल, ते खोडायचं. ‘दानशूर’, ‘सुप्रसिद्ध’ त्यातच गेले. पैशांतून काय झालं, हे मात्र ठेवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक वाक्य पुरलं.

हे सगळं वक्त्याच्या आधी सांगा. आभार प्रदर्शनापर्यंत थांबलात तर लोक तोवर चपला शोधत असतात.

आणि हो, देणगीदारांना रक्कम जाहीर करायची का, हे आधी विचारा. एका आजींनी खुर्च्यांसाठी पाच हजार दिले होते. “नाव घे बाळा, आकडा नको,” म्हणाल्या. घरी सांगितलं नव्हतं त्यांनी.