पहिला स्टॉल आणि आईची ओळख

“आईचा दिवाळीच्या प्रदर्शनात पहिलाच स्टॉल आहे. भाजणी उत्तम करते, पण ‘लोकांसमोर स्वतःबद्दल काय बोलू?’ म्हणून घाबरलीय. तिची तयारी कशी करून घेऊ?”

तुम्ही विचारलंत म्हणून एक आई डोळ्यांसमोर धरते. चिंचवडला राहते, पन्नाशी ओलांडलेली आहे. सोसायटीच्या हॉलमधल्या दोन दिवसांच्या प्रदर्शनात सहा फुटी टेबल मिळालंय आणि विकायला एकच जिन्नस आहे, थालिपिठाची भाजणी. आदल्या आठवड्यात ती मुलीसमोर बसून पाठ म्हणून दाखवते: “नमस्कार, मी इतकी वर्षं गृहिणीच होते. आता मुलं मोठी झाली, वेळ मिळाला, म्हणून मुलीच्या आग्रहाने हे छोटंसं काहीतरी सुरू केलंय. सगळं घरगुती आहे. बघा, आवडलं तर घ्या.”

यात खोटं काहीच नाही, पण कामाचंही काही नाही. ‘गृहिणीच’मधला ‘च’, ‘छोटंसं’, ‘काहीतरी’ आणि ‘आवडलं तर’ हे चार शब्द भाव सांगण्याआधीच भाव पाडतात. ‘घरगुती’ तर त्या हॉलमध्ये दर दुसऱ्या टेबलावर ऐकू येणार, त्यामुळे त्याने कोणाचे पाय थांबत नाहीत. मुख्य म्हणजे एवढं ऐकूनही भाजणी कशी आहे ते समोरच्या बाईंना कळलेलंच नाही. मुलीने ‘आई, आत्मविश्वासाने बोल’ एवढंच म्हणून भागत नाही. वाक्यं बदलावी लागतात.

ओळख आईपासून नाही, पिठापासून सुरू करायची. आईला स्वतःबद्दल बोलायचा संकोच आहे, भाजणीबद्दल नाही. ‘तू धान्यं वेगवेगळी का भाजतेस?’ एवढं विचारून पाहा. ती न अडखळता सांगेल की तांदूळ पटकन भाजला जातो, हरभऱ्याच्या डाळीला वेळ लागतो, सगळं एकदम कढईत घातलं तर तांदूळ करपतो आणि डाळ कच्ची राहते. कच्च्या डाळीचा उग्र वास मग पिठाला येतो. धणे-जिरे शेवटी, नुसता वास सुटेपर्यंत, नाहीतर कडवटपणा येतो. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय गिरणीत न्यायचं नाही. गरम धान्य दळलं की पिठात वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पीठ लवकर खराब होतं. हे ती बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तिची ओळख यातूनच काढायची आहे, कुठल्या भाषणाच्या नमुन्यातून नाही.

त्या रेकॉर्डिंगमधून तीन तुकडे निघतात. पहिला, टेबलाजवळून जाणाऱ्यासाठी: “भाजणीचा वास घेऊन बघा.” एवढंच. हे म्हणताना हातात झाकणाची छोटी वाटी हवी आणि झाकण त्याच क्षणी उघडायला हवं. उघडी राहिलेली भाजणी हॉलच्या पंख्याखाली तासा-दोन तासांत वास सोडून देते, म्हणून वाटीत दोन चमचेच ठेवायची आणि मधून मधून बदलायची. दुसरा तुकडा थांबलेल्यासाठी: “प्रत्येक धान्य वेगळं भाजलंय, म्हणून कच्चा वास नाही. भाजते मी स्वतः, चिंचवडला.” तिची ओळख इथे आली, तीही कामासकट. तिसरा तुकडा विचारणाऱ्यासाठी, आणि तो पाठ करायचा नाही. त्यात लोकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवायची.

पाठ केलेलं भाषण पहिल्याच ‘कसं दिलं?’ला तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून घरची तालीम प्रश्नांनीच करायची. आई उभी, समोर डायनिंग टेबल, त्यावर पाकिटं, टीव्हीचा आवाज मोठा, आणि मुलगी गिऱ्हाईक. ती मध्येच तोडते:

“काकू, ही उपवासाला चालते का?”

“नाही, यात गहू-ज्वारी आहे. उपवासाची भाजणी वेगळी असते, ती मी सध्या करत नाही.”

“किती दिवस टिकते?”

इथे आई म्हणते, “टिकते बरेच दिवस.” हे चालणार नाही. पाकिटावर जी तारीख छापली आहे तीच तोंडातून यायला हवी, शिवाय कोरडा चमचा आणि घट्ट झाकण हेही सांगायचं. पाकिटावरचं एक आणि तोंडचं दुसरं झालं की गिऱ्हाईक पाकीट उलटून वाचायला लागतं आणि पुढचं काही ऐकत नाही. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, टिकण्याची मुदत, घटक, नाव-पत्ता, फोन आणि एफएसएसएआयच्या अन्न-नोंदणीचा 14 अंकी क्रमांक असतो. यातलं काय कुठे छापलंय हे आईला न बघता बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. चष्मा शोधायला गेली की तेवढ्यात माणूस पुढच्या टेबलावर गेलेलं असतं.

“माझं थालिपीठ थापताना फाटतं हो.”

हा प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण विचारणारी बाई खरोखर थालिपीठ करते. पीठ कोमट पाण्यात मऊ भिजवायचं, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोक पाडायचं. भाजणी फार बारीकही दळलेली नसावी. मग चिमूटभर पीठ तिच्या तळहातावर ठेवायचं आणि बोटांनी चोळून बघायला सांगायचं, किंचित रवाळ लागतं का ते. असं उत्तर दिल्यावर ‘मी कोण’ हे वेगळं सांगायची गरज राहत नाही.

“अर्ध्या किलोचे एवढे? बाजारात स्वस्त मिळते.”

इथे बहुतेक आया अडखळतात, आणि लाजून स्वतःच वीस रुपये उतरवतात. तिच्याकडे एक वाक्य तयार हवं: “धान्य निवडून, वेगवेगळं भाजून, गार करून दळते, त्याचा हा भाव आहे.” एवढं बोलून थांबायचं. थांबणंच जड जातं, म्हणून तालमीत मुलीने मुद्दाम गप्प बसून बघायचं. आई ती शांतता ‘पण तुमच्यासाठी कमी करते’ने भरते की नाही ते लगेच कळतं. कमी करायचंच असेल तर ते आधी ठरवून पाटीवर लिहावं, ‘दोन पाकिटांना इतके’. तोंडी सूट शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईलाही द्यावी लागते.

आता आवाज. हॉलमध्ये गाणी असतात, लहान मुलं असतात, आयोजकांच्या सूचना चालू असतात. घाबरलेल्या माणसाचा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो, म्हणून कामाचा शब्द शेवटाला ठेवू नका. ‘आमच्याकडे अगदी पारंपरिक पद्धतीने केलेली भाजणी मिळेल’ यातली ‘भाजणी’ ऐकूच जात नाही. ‘भाजणी आहे, वेगवेगळी भाजून केलेली’ यात ती आधीच पोचते. खुर्ची टेबलाच्या मागे न ठेवता बाजूला ठेवावी. मागे बसलेली बाई हिशेब लिहिणारी वाटते आणि बोलायला मान वर करावी लागते, त्यात अर्धा आवाज जातो. गर्दी नसेल तेव्हा बसावं, कोणी दोन पावलांवर आलं की उठावं.

एक प्रसंग आधी कोणी सांगत नाही. दुपारी कधीतरी आयोजक माइक घेऊन फिरतात आणि ‘ताई, दोन शब्द सांगा’ म्हणत तो सरळ हातात देतात. यासाठी चौथा तुकडा लागतो आणि तेवढा मात्र शब्दशः पाठ हवा. स्टॉल नंबर, जिनसाचं नाव, एक खासियत, आईचं नाव, पुन्हा स्टॉल नंबर. “स्टॉल 14, थालिपिठाची भाजणी, प्रत्येक धान्य वेगळं भाजून केलेली. मी स्वतः भाजते,” मग पूर्ण नाव, आणि “स्टॉल 14.” दहा-बारा सेकंदांत होतं. नंबर दोनदा, कारण ऐकणारा हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि पहिला नंबर त्याचं लक्ष जाईपर्यंत निघून गेलेला असतो. माइक हनुवटीजवळ धरायचा. छातीशी धरला तर आवाज जात नाही, ओठांना चिकटवला तर नुसता फुत्कार येतो. घरी लाटणं धरून सराव केला तरी चालतो. हसू येतं, पण हाताला अंतर कळतं.

मोठ्या जत्रेत, म्हणजे मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी, लोकांचा रोख वेगळा असतो. तिथे राज्यभरातले बचत गट आलेले असतात, त्यामुळे ‘कुठून आलात?’ हा प्रश्न सारखा येतो आणि ओळखीत गावाचं नाव पुढे घ्यावं लागतं. सोसायटीच्या हॉलमध्ये ‘घरीच करता का?’ हे जास्त विचारतात. त्याला नुसतं ‘हो’ पुरत नाही. ‘हो, भाजते घरी, दळते ठरलेल्या गिरणीत, मसाले दळून झाल्यावर लगेच नाही’ असं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं.

ओळख आणखी एका ठिकाणी होते, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं तेव्हा त्याच्या मोबाइलवर खातेदाराचं नाव दिसतं. खातं बाबांचं असेल तर पाकिटावर एक नाव, पाटीवर दुसरं, मोबाइलवर तिसरंच. माणूस थबकतो, ‘हे कोणाला जातंय?’ विचारतो, आणि आई ‘आमचे हे’ म्हणत खुलासा करत बसते. प्रदर्शनाआधी कोड आईच्या खात्याचा करून घ्या आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून एक रुपया पाठवून काय नाव दिसतं ते बघा.

राहिला मुलीचा भाग. तिने पैसे घ्यावेत, पिशव्या भराव्यात, सुटे आणावेत. पण आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने द्यायचं नाही, आई दोन क्षण अडखळली तरीही. एकदा मुलगी बोलायला लागली की लोक तिच्याकडेच बघून विचारतात आणि आई उरलेला दिवस पाकिटं सरळ करत उभी राहते. आई जेवायला गेली असेल तर मुलीने सांगावं, “भाजते आई, ती पंधरा मिनिटांत येईल. तोवर वास घेऊन बघा.” आणि कोणी नंतरची ऑर्डर द्यायची म्हणालं तर वहीत नाव-नंबर लिहून घ्यावा, मात्र वार आईनेच सांगावा. पुढच्या खेपेचं भाजणं कधी आणि गिरणी कधी, हे तिलाच ठाऊक असतं.