घर्षणाचा बाण कोणत्या बाजूला?

"सर, ठोकळा वर जाईल की खाली हेच ठाऊक नसताना घर्षणाचा बाण कुठे काढायचा?"

घर्षण थोडा वेळ विसरा. दोरीच्या दोन टोकांची ओढ आधी तोलून पाहा.

३७ अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी माथ्यावरच्या कप्पीवरून जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ४ किलोचं वजन लटकतं. दोरी आणि कप्पी हलकी आहे, कप्पीत घर्षण नाही, g = १०, sin ३७° = ०.६ आणि cos ३७° = ०.८ धरू. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५, गतिकाचा ०.४. ठोकळा स्थिर असताना सोडला.

उताराच्या दिशेने ठोकळ्याच्या वजनाची ओढ ५ × १० × ०.६, म्हणजे ३० न्यूटन. लटकणारं वजन ४० न्यूटनने ओढतं. म्हणजे कल वर सरकण्याकडे आहे, १० न्यूटनचा. घर्षण या कलाच्या विरुद्ध, म्हणून बाण खाली.

आता विचारायचं, की घर्षण जास्तीत जास्त किती सोसेल? पृष्ठभागाचं लंब बल ५ × १० × ०.८, म्हणजे ४० न्यूटन, त्याचं ०.५ पट म्हणजे २० न्यूटन. गरज फक्त १० ची आहे. म्हणून काहीच हलत नाही, त्वरण शून्य. घर्षणही २० नसतं, लागतं तेवढंच, १० न्यूटन.

उत्तरपत्रिकांत नेमकं इथेच गाडं अडतं. मुलं थेट गतिक घर्षणाचे १६ न्यूटन घालतात: (४० − ३० − १६) ÷ ९ = −०.६७. उणे आलं म्हणून 'ठोकळा खाली ०.६७ ने जातो' असं लिहून मोकळी होतात. मीही शिकत असताना असंच लिहिलं होतं, आणि त्या लाल फुलीचं कारण कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतो. दिशा उलटली की घर्षणाचा बाणही उलटतो, म्हणून समीकरण नव्याने मांडावं लागतं. मांडून पाहा: (३० − ४० − १६) ÷ ९, पुन्हा उणेच! दोन्ही दिशांना उणे आलं, तर ठोकळा जागचा हलत नाही.

४ च्या जागी ७ किलो लावा. कल ४० न्यूटनचा, मर्यादा २० ची, म्हणजे ठोकळा वर निघणारच. आता गतिक घर्षण घ्यायचं: (७० − ३० − १६) ÷ १२ = २ मी/से². ताण ७ × (१० − २) = ५६ न्यूटन. ताळा ठोकळ्याकडून घ्या: ५६ − ३० − १६ = १०, आणि ५ × २ सुद्धा १०.

हे सगळं ठोकळा स्थिर असताना सोडला तरच. त्याच ४ किलोच्या मांडणीत त्याला आधीच खाली ढकललं असेल, तर बाण वेग ठरवतो, म्हणजे घर्षण वर. ठोकळा २६ ÷ ९, साधारण २.९ मी/से² ने मंदावत थांबेल, आणि थांबल्यावर कल पुन्हा १० न्यूटनचाच, म्हणून तिथेच राहील.