एकाच शेअरचे तीन पीओसी, आणि तिन्ही चुकीचे

मी मुंबईत एका छोट्या प्रॉप डेस्कवर, म्हणजे फर्मच्याच पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या ठिकाणी, डेटाचं काम करतो. रोज साडेतीनला मार्केट बंद झालं की डीलर लोकांना दुसऱ्या दिवसासाठी व्हॉल्यूम प्रोफाइलचे लेव्हल काढून द्यायचे. म्हणजे दिवसभरात कुठल्या भावाला किती शेअर फिरले त्याचा आडवा बार चार्ट, त्यात सगळ्यात लांब बार ज्या भावाला तो पॉइंट ऑफ कंट्रोल, आम्ही नुसतं पीओसी म्हणतो.

मागच्या रिझल्ट सीझनमध्ये एका मिडकॅपवर झालेला गोंधळ सांगतो. नाव घेत नाही, आकडे गोल केलेत.

शेअर सकाळपासून ६०८ ते ६१६ मध्ये आरामात फिरत होता, मिनिटाला सरासरी नऊ-दहा हजार शेअर. १३:३२ ला रिझल्ट आला आणि त्या एका मिनिटात ओपन ६१२, हाय ६१३, लो ५९८, क्लोज ६००, व्हॉल्यूम ६ लाख. दिवसाचं एकूण व्हॉल्यूम ४२ लाख, म्हणजे १४ टक्के माल एका मिनिटाच्या बारमध्ये. नंतर भाव ६०४-६०७ ला येऊन बसला आणि तिथेच बंद झाला.

संध्याकाळी आमचे डीलर काका माझ्या टेबलाशी आले, हातात फोन. "अरे तुझ्या शीटवर पीओसी ६१० लिहिलाय, माझ्या चार्टवर ६०० दाखवतंय, आणि शेजारचा म्हणतो ६०३. उद्या माल उचलायचाय मला, कुठल्यावर विश्वास ठेवू?"

मी म्हटलं काका बसा, बघू.

यात खरी गोम अशी की मिनिटाच्या बारमध्ये फक्त पाच आकडे असतात, ओपन हाय लो क्लोज आणि व्हॉल्यूम. ६ लाख शेअर ५९८ ते ६१३ च्या मध्ये कुठेतरी झाले एवढंच तो बार सांगतो, कुठे किती झाले ते नाही. मग प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला अंदाज लावतं. काकांचं अॅप सगळं व्हॉल्यूम क्लोजच्या भावाला टाकत होतं, त्यामुळे ६०० च्या बकेटमध्ये, म्हणजे ६०० ते ६०१ च्या खणात, बाकी दिवसाचे ९० हजार अधिक हे ६ लाख, झाला पीओसी ६००. शेजारच्याची एक्सेल शीट हाय, लो, क्लोजची सरासरी घेत होती, (६१३+५९८+६००)/३ म्हणजे ६०३.६७, म्हणून सगळा माल ६०३ च्या बकेटमध्ये. आणि माझी स्क्रिप्ट लो ते हाय सगळीकडे सारखं वाटते, बकेट एक रुपयाची:

```python
lo = int(np.floor(r.low / b))
hi = int(np.floor(r.high / b))
for k in range(lo, hi + 1):
    prof[k] += r.volume / (hi - lo + 1)
```

५९८ ते ६१३ म्हणजे १६ बकेट, प्रत्येकी ३७,५००. सकाळी ६१० ला आधीच २.९ लाख झाले होते, त्यात हे मिळवून सव्वातीन लाखाच्या वर, आणि बाकी कुठलीच बकेट तिथवर पोचली नाही. म्हणून ६१०.

एरवी हा फरक कधी जाणवतच नाही बरं का. शांत दिवशी मिनिटाची रेंज रुपया-दीड रुपया असते, तीनशे पंचाहत्तर बार एकमेकांवर चढतात, चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि कुठल्याही पद्धतीने पीओसी साधारण तोच येतो. मुळात ही सगळी कल्पना अंदाजावरच उभी आहे, शिकागोच्या बोर्ड ऑफ ट्रेडमधल्या पीटर स्टाइडलमायरने मार्केट प्रोफाइल काढलं तेव्हा तो अर्ध्या-अर्ध्या तासाला एक अक्षर लावून भाव तिथे किती वेळ होता ते मोजायचा, व्हॉल्यूम नाही. पण एक रुंद बार जर दिवसाचा सातवा हिस्सा घेऊन बसला तर अंदाजच निकाल लावतो.

काकांना एक सोपी टेस्ट करून दाखवली. तो एक बार काढून टाकायचा आणि परत प्रोफाइल चालवायचं. क्लोजवाला पीओसी ६०० वरून उडून ६१० ला गेला, सरासरीवालाही ६१० ला, माझा होता तिथेच. म्हणजे ६०० आणि ६०३ हे दिवसाचे भाव नव्हतेच, एका मिनिटाचे होते. काका खूश झाले, "मग ६१० फायनल ना?" मी म्हटलं थांबा जरा, सारखं वाटणं हाही अंदाजच आहे, आपल्याकडे एक्सचेंजचा ट्रेड-बाय-ट्रेड डेटा येतो तो उघडू. (ब्रोकरच्या साध्या फीडमधून हे दिसत नाही, तिथे ठरावीक वेळाने स्नॅपशॉट येतात, मधले ट्रेड गाळले जातात.)

त्यात काय निघालं बघा. ६११.५० ला कुणीतरी मोठा बायर बसला होता, डिस्क्लोज्ड क्वांटिटी लावून, म्हणजे स्क्रीनवर थोडाच माल दिसत होता आणि मागे ढीग. रिझल्ट पडताच विकणारे तुटून पडले आणि पहिल्या काही सेकंदांत ६११.५० या एकाच भावाला ३.८ लाख शेअर झाले. ओळीमागून ओळी, भाव तोच, क्वांटिटी वेगळी. बायर संपला आणि भाव सरळ ५९८ ला, वाटेत फारसं कुणी घेतच नव्हतं. ६०० ला, जिथे काकांच्या चार्टवर सगळ्यात जाड बार होता, तिथे त्या मिनिटात जेमतेम माल फिरला होता.

६११ च्या बकेटमध्ये बाकी दिवसाचे २.६ लाख होतेच, हे धरून सहा लाखांच्या वर गेली. खरा पीओसी ६११. तिन्ही पद्धतींपैकी एकीनेही तो पकडला नाही, माझी रुपयाने हुकली पण ते नशीब, कारण मोठा माल जर ६०२ ला झाला असता तरी माझ्या स्क्रिप्टने ६१० च दिलं असतं.

काका म्हणाले, "मग रुपयाच्या अचूकतेचं नाटक कशाला करतोस?" मुद्दा बरोबर होता त्यांचा. बकेट दोन रुपयांची करून चालवलं तर माझ्या पद्धतीने ६१० ते ६१२ चा पट्टा पहिला आला, खरा भाव त्याच्या आत. तेव्हापासून शीटवर एक आकडा न देता पट्टा देतो. आणि एखाद्या मिनिटात दिवसाच्या ५ टक्क्यांहून जास्त व्हॉल्यूम असेल तर त्या ओळीला पिवळा रंग, त्या मिनिटापुरता ट्रेड डेटा घेऊन बकेट भरायच्या, बाकी दिवस मिनिटांवरच. पूर्ण दिवसाचा ट्रेड डेटा रोज शंभर शेअरसाठी चाळायला आमचं मशीन पुरत नाही.

काकांनी दुसऱ्या दिवशी काय केलं विचाराल तर त्यांनी ६१० च्या खाली माल घेतला, कारण त्यांचं म्हणणं असं की तो ६११.५० चा बायर आता वरती अडकलाय, भाव तिथे आला की सुटायला बघेल, तेव्हा आपण आधी निघू. भाव ६११ ला आला, तासभर अडकला, काका निघाले, मग वर गेला. त्यावरून पीओसी चालतो असं मी म्हणणार नाही, एका शेअरवरून काही कळत नाही.

मागचे सहा महिने नव्या नियमाने परत चालवून बघितले, पिवळ्या ओळी बहुतेक दोनच जागी सापडल्या, मार्केट चालू असताना रिझल्ट आलेले दिवस आणि इंडेक्स रिबॅलन्सिंगचे दिवस, म्हणजे इंडेक्समधले शेअर किंवा त्यांचं वजन बदलतं ते, जेव्हा इंडेक्सची नक्कल करणारे पॅसिव्ह फंड शेवटच्या अर्ध्या तासात उतरतात. दुसऱ्या प्रकारात मात्र बार रुंद नसतात, व्हॉल्यूम भरपूर पण भाव फार हलत नाही, म्हणून तिथे पद्धत कुठलीही घ्या, पट्टा तोच येतो. ते पिवळं आता काढून टाकायचंय, नियमात व्हॉल्यूमबरोबर रेंजची अटही घालून.