आधी पोळ्या मोजा

‘टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, २४०. जानेवारीत फुल मॅरेथॉन आहे. एका इंजेक्शनने काम होणार असेल तर तुम्ही नको का म्हणता?’ असं धावणारे मला विचारतात.

कारण इंजेक्शनने आकडा वर जाईल, पण तो कशामुळे पडला ते तसंच राहील. वर आणखी एक गोष्ट बिघडेल, ती सांगतो.

टेस्टोस्टेरॉन तयार होतं वृषणात, पण हुकूम येतो मेंदूतून. हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संकेत सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हार्मोन सोडते आणि ते वृषणांना कामाला लावतं. शरीराकडे धावून उरलेली ऊर्जा फार कमी पडू लागली की हे संकेत विरळ होतात. म्हणजे वृषणं धडधाकट असतात, वरून हुकूमच येत नाही. अशा वेळी बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू समजतो, माल भरपूर आहे. मग उरलेसुरले संकेतही बंद होतात, एलएच तळाला जातं आणि शुक्राणूंची संख्या इतकी घसरते की कित्येकांच्या बाबतीत शून्यावर येते. इंजेक्शन थांबवल्यावर गाडी रुळावर यायला सहा महिने लागतात, कधी दोन वर्षं. तिशीतल्या, मूल हवं असलेल्या माणसाला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

नियमांचं बोलायचं तर टेस्टोस्टेरॉन ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम प्रतिबंधित आहे, आणि ‘त्यापेक्षा सौम्य’ म्हणून सुचवली जाणारी क्लोमिफीनची गोळीही. वैद्यकीय सूट मागता येते, पण ती वृषण किंवा पिट्युटरीच्या खऱ्या आजाराला मिळते. जास्त धावून आणि कमी खाऊन पडलेल्या आकड्याला मिळत नाही. ‘मी कुठे पदक जिंकणार आहे’ हे मला रोज ऐकवलं जातं. मान्य, पण हौशी धावपटूचीही चाचणी होऊ शकते.

आता तो २४०. एका रिपोर्टवर मी काहीही ठरवत नाही. रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी दिलं होतं का? आदल्या दिवशी लाँग रन किंवा इंटरव्हल्स झाले होते का? मॅरेथॉननंतर काही दिवस आकडा तसाही खाली असतो. त्यामुळे हलक्या आठवड्यात, त्याच लॅबमध्ये, पुन्हा एकदा द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, काही यंत्रांवर त्या टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एलएच खोटं कमी दाखवतात. सोबत एलएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, फेरिटिन आणि एसएचबीजी करून घ्या. एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन आहे. खाणं कमी पडत असलं की ते वाढतं, मग एकूण आकडा बरा दिसतो पण वापरता येण्याजोगा भाग कमी असतो.

टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल तर दोष वृषणात आहे, माझ्याकडे येऊ नका, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल, डोकं दुखत असेल, बाजूचं दिसत नसेल किंवा आकडा १५० च्याही खाली असेल तरी तेच, कारण तिथे पिट्युटरीचा एमआरआय लागू शकतो. सगळं धावण्यावर ढकलून गाठ राहून जायला नको. पण एलएच कमी किंवा ‘नॉर्मल’च्या तळाशी, बाकी सगळं ठीक आणि समोर आठवड्याला ८५ किलोमीटर धावणारा सडसडीत माणूस असेल, तर मी वही काढतो.

६२ किलोचा माणूस घ्या, चरबी १२ टक्के. चरबी सोडून उरलं सुमारे ५५ किलो. सकाळी १५ किलोमीटर धावला. किलोमागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी धरली तर ९३०, त्यातून त्या दीड तासात नुसतं बसूनही खर्च झाल्या असत्या त्या १०० वजा करा, राहिल्या ८३०. दिवसभरात खाल्लं २१००. वजाबाकी करून ५५ ने भागलं की हातात येतात किलोमागे २३ कॅलरी. हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स, सगळ्यांनी यातच भागवायचं. ४५ च्या आसपास असावं असं धरतात. ३० ची जी धोक्याची रेषा सगळे सांगतात ती बायकांवरच्या प्रयोगांतून आली आहे. पुरुषांचं शरीर बहुधा याहून खाली जाईपर्यंत तग धरतं, पण नेमकं कुठे मोडतं हे माणसागणिक बदलतं. आता रविवार धरा. ३० किलोमीटर म्हणजे १६६० खर्च, आणि ‘आज तर दाबून खाल्लं’ म्हणून २४००. हाती साडेतेराच.

यावर ठरलेलं उत्तर: ‘पण मला भूकच नसते, आणि वजन तर घटत नाही.’ वजन घटत नाही कारण शरीराने खर्च कापलाय. हात गार पडतात, सकाळचं लिंगाचं ताठरणं बंद होतं, बायकोशी बोलताना चिडचिड होते, टेम्पो रनमध्ये जीव काढूनही हार्ट रेट वर चढत नाही. ही सगळी त्याच कपातीची खाती आहेत. भूक नसते कारण ताट ‘हेल्दी’ आहे: मोड आलेली कडधान्यं, सॅलड, ओट्स, दोन भाकऱ्या. तंतुमय पदार्थांनी पोट भरतं, कॅलरी भरत नाहीत. त्यात पहाटे पाचला रिकाम्या पोटी रन, मग चहा-बिस्किटं, ऑफिस, आणि खरं जेवण दीड वाजता. नॉर्वेतल्या पुरुष धावपटू-सायकलपटूंवरच्या अभ्यासात ज्यांचा दिवसातला तुटवड्याचा काळ मोठा, त्यांचं कॉर्टिसॉल जास्त निघालं होतं. दिवसाअखेरची बेरीज जमली तरी आठ तासांचा खड्डा भरून निघत नाही.

इथे लोक रायन हॉलचं नाव काढतात, बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने. म्हणून जरा सविस्तर. कॅलिफोर्नियाचा हा धावपटू २००७ मध्ये ह्यूस्टनला हाफ मॅरेथॉन ५९:४३ मध्ये धावला. तासाच्या आत धावलेला तो पहिला अमेरिकन. २००८ मध्ये लंडनला २:०६:१७. २०११ मध्ये बोस्टनला २:०४:५८, पाठीवर वारा असलेल्या मार्गावर, आणि तरीही चौथा. त्यानंतर उतरण. २०१२ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अर्ध्या वाटेवर थांबला. २०१४ मध्ये त्याच बोस्टनला २:१७:५०, म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ तेरा मिनिटं हळू. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसची शर्यतही अर्धवट. जानेवारी २०१६ मध्ये, ३३ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली आणि कारण सांगितलं: वर्षानुवर्षं कमी असलेलं टेस्टोस्टेरॉन आणि न जाणारा थकवा.

‘बघा, त्याने तेव्हा इंजेक्शन घेतलं असतं तर,’ असं मला म्हणतात. त्याने घेतलं नाही. नंतर त्याने काय केलं ते बघा ना. धावणं जवळपास सोडलं, वजनं उचलायला लागला, भरपूर खाल्लं आणि ५८ किलोचा माणूस ७५ किलोपर्यंत गेला. ताकद आणि उत्साह परत आल्याचं त्यानेच सांगितलं. २०१७ च्या जानेवारीत तर सात दिवसांत सात खंडांवर सात मॅरेथॉन धावला, अर्थात पूर्वीच्या वेगाच्या जवळपासही नाही.

यातून ‘तो उपाशी होता’ हे सिद्ध होत नाही. त्याच्या ताटाचा हिशोब माझ्याकडे नाही. वर्षानुवर्षांचं प्रचंड माइलेज होतं, उंचावरचं ट्रेनिंग होतं, आणि बरं होताना धावणं कमी झालं व खाणं वाढलं, दोन्ही एकदमच. कुणामुळे काय झालं हे सुटं करता येत नाही. माझ्यातला एक जण म्हणतो, माइलेजच कापा, खाणं आपोआप पुरेल. दुसरा म्हणतो, तेवढंच धावणारे पण पोटभर खाणारे ठणठणीत असतात. ओव्हरट्रेनिंग आणि कमी खाणं यांची लक्षणं इतकी सारखी आहेत की ओव्हरट्रेनिंगचा शिक्का बसलेल्या कित्येकांचा खरा प्रश्न ताटातला असावा, असं संशोधकही म्हणू लागलेत. म्हणून मी दोन्ही टोकं धरतो, वाद बाजूला ठेवून.

आपल्या ६२ किलोवाल्याचं रोजचं धावणं आठ किलोमीटरवर आणायचं, इंटरव्हल्स बंद. खर्च उतरला ४४० वर. ४५ गाठायला आता साधारण २९०० लागतात, म्हणजे आहे त्याहून ८०० जास्त. रनच्या आधी केळं आणि चार खजूर, २००. परतल्यावर अर्ध्या तासात साखर घातलेलं म्हशीचं दूध, मोठा पेला, २५०. अकराला दोन शेंगदाण्याचे लाडू, २००. रात्री एक वाटी पांढरा भात आणि वर तूप, २००. ज्वारीची भाकरी आणि कच्चं सॅलड सध्या अर्ध्यावर. पांढरा भात, साखर, तूप हे शब्द ऐकून रनर मंडळींचा चेहरा पडतो. पडू दे. सोळा तासांचा उपास आणि कीटो या काळात पूर्ण बंद. नवरात्र किंवा एकादशी करायचीच असेल तर त्या दिवशी धावू नका.

हे बिघडतं दोनच ठिकाणी. एक, ‘धावणं कमी केलंय’ म्हणून माणूस पोळ्याही कमी करतो आणि हिशोब होता तिथेच राहतो. दुसरं, तिसऱ्या आठवड्यात वजनकाटा दोन किलो वर दाखवतो. त्यातला बराच भाग स्नायूंत भरलेलं ग्लायकोजन आणि त्याबरोबरचं पाणी असतं, पण घाबरून सगळं सोडलं जातं. काटा तीन महिने कपाटावर टाका. आधी झोप सुधारते, मग सकाळचं ताठरणं परत येतं, रक्तातला आकडा मागाहून. तीन महिन्यांच्या आत रिपोर्ट काढू नका. नडगी किंवा मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन गेलं असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करा, हाडांना वर्षाहून जास्त लागतं.

आणि काही जणांचं होत नाही. नीट खाऊन, विश्रांती घेऊनही आकडा २८० वरच अडतो, पण झोप, इच्छा, वेग, हाडं सगळं उत्तम. बरीच वर्षं धावणाऱ्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन बैठ्या पुरुषांपेक्षा कमी असल्याचं जुन्या अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि ते सगळे आजारी नव्हते. ती शरीराने लावून घेतलेली सवय आहे की हळूहळू वाढत चाललेलं कर्ज, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अशा माणसाला मी दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला सांगतो आणि धावू देतो. इंजेक्शन त्यालाही नको म्हणतो. तो चिडतो, आणि त्याचं चिडणं मला पूर्ण चुकीचंही वाटत नाही.