कासव बोलत नाही

वर्गात बावीस मुलं होती आणि कडुनिंबाखाली एकवीस पोचली. आगीच्या सरावाचं बाकी सगळं मनासारखं झालं होतं. घंटा वाजल्यापासून शेवटचं मूल झाडाखाली येईपर्यंत १ मिनिट ५० सेकंद लागले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हे वाईट नाही. कोणी रडलं नाही, कोणी पडलं नाही. पण डोक्यावर हात ठेवत दोनदा मोजलं, तरी एकवीसच.

मार्चचा दुसरा आठवडा होता. नागपुरात या दिवसांत ऊन चढलं की अंगणातली फरशी अनवाणी पायांना सोसत नाही, म्हणून सराव पावणेनऊला ठेवला होता. वर्ग तळमजल्यावर, पुढे व्हरांडा, तीन पायऱ्या, मग अंगण. हजेरीचं रजिस्टर ऑफिसात असतं आणि आगीच्या वेळी ते कुणी आणत नसतं. म्हणून दाराजवळच्या खिळ्याला एक पाटी टांगलेली असते. रोज प्रार्थनेनंतर त्यावर त्या दिवसाचा आकडा आणि गैरहजर मुलांची नावं लिहायची. कोणी उशिरा आलं किंवा लवकर नेलं, की आकडा पुसून नवा लिहायचा. बाहेर पडणारी ताई ती पाटी उचलूनच निघते. त्या दिवशी पाटीवर २२ होते आणि पाटी बरोबर होती.

मावशींनी आधी संडास पाहिला, कारण कमी पडलेलं मूल बहुतेक वेळा तिथंच सापडतं. तिथं कोणी नव्हतं. वर्गात जाऊन नावाने हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी त्या गुडघ्यावर बसल्या तेव्हा तो दिसला. खिडकीपासून लांबच्या टेबलाखाली, गुडघे पोटाशी, डोकं खाली, एका हाताने मान झाकलेली, दुसऱ्या हातात टेबलाचा पाय. त्याची बसण्याची पद्धत इतकी अचूक होती की फोटो काढून ताईंना दाखवावा.

"अरे, बाहेर काहून नाही आला?"

"मी तं कासव झालो होतो."

"मग ओ तरी द्यायची ना, बाबू."

"कासव बोलत नाही ना."

हे वाक्य माझंच होतं. आठ दिवसांपूर्वी भूकंपाच्या सरावात मुलं टेबलाखाली खिदळत होती, तेव्हा गोंगाट थांबवायला मीच म्हटलं होतं, "कासव बोलत नाही." तो सराव घंटेवर घेतला होता. हीच पितळी घंटा. संस्थेचं म्हणणं होतं की संकटाची घंटा एकच असावी, म्हणजे मुलांचा गोंधळ होणार नाही. गोंधळ नेमका त्यामुळेच झाला. आगीत लगेच बाहेर पडायचं असतं. भूकंपात हादरे थांबेपर्यंत बाहेर पळायचं नसतं, खाली बसून डोकं झाकायचं असतं. हुकूम एकमेकांच्या उलट आणि इशारा एकच. चार वर्षांच्या मुलाने त्यातला शेवटी शिकलेला आणि ज्यासाठी शाबासकी मिळाली होती तो हुकूम पाळला. वाईट एवढंच की आग लागली की लहान मुलं मुळातच लपतात. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे. आम्ही त्या लपण्याला रीतसर शिक्षण दिलं होतं.

सराव झाल्यावर एका सहकाऱ्यांनी विचारलं, "नागपूरला कुठं भूकंप येतो? तो भाग काढूनच टाका." नागपूर भूकंपाच्या दुसऱ्या पट्ट्यात येतं, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, हे खरं आहे. पण १९९३ च्या आधीच्या नकाशात किल्लारीचा भागही सर्वांत कमी धोक्याच्याच पट्ट्यात होता. भूकंप काढून टाकायचं कारण नाही. त्याचा क्रम आणि इशारा चुकला होता.

क्रम आता असा आहे: जून ते दिवाळी फक्त आग. बाहेर पडणं हाच मूळ पाठ, कारण इथे आगीचीच शक्यता जास्त. उन्हाळ्यात कूलरच्या वायरी आणि एकाच बोर्डावर लावलेली चार उपकरणं पाहिली की ते वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर किमान सहा आठवडे जाऊ दिले की मग कासव.

इशाऱ्याचा विचार करताना एक साधी गोष्ट लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती. भूकंपाला घंटा नसतेच. जमीन हलू लागल्यावर घंटेपर्यंत जाणार कोण? खरा इशारा म्हणजे हलणं, आणि त्यानंतर ताईचा आवाज. म्हणून भूकंपाच्या सरावातून घंटा पूर्ण काढली. तिच्या जागी रिकाम्या तेलाच्या डब्यात मूठभर गिट्टी टाकून ती खडखडवायची आणि ताईने एकच शब्द म्हणायचा, "कासव!" डबा वाजतोय तोवर खाली राहायचं, थांबला की कान द्यायचा. पहिल्या दिवशी दहा सेकंद, मग पंधरा, मग तीस. याहून लांबवलं की तीन वर्षांची मुलं उठून शेजारच्याच्या टेबलाखाली जातात.

डबा आधी मुलांच्या हातात द्यावा लागतो. आवाज कुठून येतो हे पाहिलं, स्वतः एकदा वाजवला, की भीती निम्मी होते. घंटेचंही तसंच: पहिल्यांदा अंगणाच्या टोकाला हळू, मग व्हरांड्यात, मग दाराशी. पहिल्याच दिवशी कानाशी जोरात वाजवली तर दोन-तीन मुलं पुढचे आठ दिवस घंटेला कान झाकतात, आणि कान झाकलेल्या हाताने बाहेर पडताना धरायची दोरी धरता येत नाही. धुराच्या गोळ्या फोडून सराव 'खराखुरा' करायची सूचना दरवर्षी कुठून तरी येते. फोटो छान येतात म्हणून. मुलांना त्यातून फक्त धुराची धास्ती मिळते. दोन ताईंनी राखाडी चादर जमिनीपासून दोन फुटांवर ताणून धरली आणि मुलं मांजरीसारखी खालून गेली, की धुरात खाली राहायचं हे त्यांना कळतं. चादरीखाली रेंगाळणाऱ्यांसाठी पलीकडे एक ताई हाक मारायला बसवायची.

कासवाला आता बोलावंच लागतं. टेबलाखाली सगळ्यांनी मिळून मोठ्याने आकडे म्हणायचे, एक ते वीस, पुन्हा एक ते वीस. म्हणताना श्वास आपोआप सुटतो, खिदळणं कमी होतं आणि कोण कुठे आहे ते ताईला ऐकू येतं. शिवाय एक वेगळा खेळ रोज दोन मिनिटं: कुठेही असलात तरी नाव घेतलं की "ओ, मी इथं!" हे पडद्यामागून, संडासातून, बाकाखालून. अनोळखी आवाजालाही ओ द्यायची म्हणून शिपाईकाकांना हाका मारायला लावतो. अग्निशमन दलाचा माणूस मुलांना अनोळखीच असणार.

टेबलांचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. आमची प्लॅस्टिकची, हलकी. चार फूट बाय दोन फुटांच्या टेबलाखाली तीन मुलं नीट मावतात, चौथ्याचं डोकं बाहेर राहतं. सहा टेबलांत अठरा. उरलेल्या चौघांना आतल्या भिंतीशी, कपाट आणि खिडकी यांपासून लांब, गुडघ्यावर बसवून दोन्ही हातांनी डोकं-मान झाकायला शिकवलं. ही जागा जमिनीवर रंगीत टेपने आखली आहे, नाहीतर ती चौघं कपाटालाच टेकतात. टेबलाचा पाय धरायचा तो टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरकता यावं म्हणून. मुलं मात्र पाय धरून टेबल वर उचलतात. त्यांना "टेबल पळून जातंय, धरा" असं म्हटलं तर जमतं, "घट्ट पकडा" म्हटलं की उचललं जातं. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

त्या दिवशी अजून एक उणीव दिसली होती. शेवटी बाहेर पडणाऱ्या ताईने वर्ग तपासला होता, पण दारातून, उभ्याने. उभ्याने पाहिलं तर बालवाडीचा वर्ग नेहमीच रिकामा दिसतो. आता तपासणी गुडघ्यावर बसून, ठरलेल्या क्रमाने: टेबलांखाली, दारामागे, बाहुलीघराच्या पडद्यामागे, संडास. मग दार ओढून घ्यायचं, कुलूप नाही. बंद दार धूर बराच वेळ अडवतं. दुसरी खिडकी बाहेर पडायच्या उपयोगाची होती, तिच्यासमोर मार्चमध्ये लोखंडी स्टँडवर कूलर बसवला होता. आगीत तो वाट अडवणार, भूकंपात आत कोसळणार. तो बाजूच्या खिडकीत न्यायला दोन अर्ज आणि तीन आठवडे लागले.

चपला-बुटांचा रॅक दाराला लागून होता, तोही हलवला. सरावात सात मुलं बूट शोधायला दारातच थांबली होती. १ मिनिट ५० सेकंदांतली निदान चाळीस तिथेच गेली. आता झाडाखाली तरट अंथरलेलं असतं आणि आगीत अनवाणीच जायचं. भूकंपानंतर मात्र वाटेत काच असू शकते, म्हणून तेव्हा ताई आधी वाट तपासते आणि मगच दोरी धरलेल्या मुलांना बाहेर काढते. दोरी सुती, जाड, आठ मीटर. दर साठ सेंटिमीटरला एक गाठ, प्रत्येक गाठीला दोन्ही बाजूंनी एकेक मूल. पायऱ्यांवर ती सोडायची, नाहीतर पुढची उतरली की मागची ओढली जातात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सराव घेतला. १ मिनिट १५ सेकंद, बावीसपैकी बावीस. तो मुलगा दोरीच्या तिसऱ्या गाठीला होता. पण एवढ्यावरून तपासणी नीट झाली असं म्हणता येत नाही; कोणी राहिलंच नाही, तर शोधणाऱ्याने शोधलं का, हे कसं कळणार? म्हणून आता सरावाआधी एक कापडी बाहुली वर्गात लपवतो. कुठे, ते एकाच माणसाला माहीत. शेवटच्या ताईने ती घेऊनच बाहेर यायचं. आतापर्यंत तीनदा लपवली, दोनदा सापडली. तिसऱ्यांदा ती कपाट आणि भिंतीच्या फटीत होती, आणि ताई झाडाखाली येऊन "सगळं रिकामं" म्हणाल्या. तेव्हा टेबलाखालच्या त्या मुलानेच त्यांचा पदर ओढून विचारलं, "ताई, बाहुली कुठी आहे?"