आधी मेसेज कुणी करायचा?

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात एक मोठी सोय असते. दुसऱ्या दिवशी फोन करायचं काम मध्यस्थाचं. "मग, कसं वाटलं?" हा अवघड प्रश्न कुणी मावशी किंवा शेजारचे काका विचारून टाकतात, आणि नकार असलाच तर तो 'पत्रिका जुळत नाही' या सभ्य वेष्टनात पोहोचतो. डेटवर भेटणाऱ्यांनी मध्यस्थाला रजा दिली. त्याचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

एक साधी केस घेऊ. पुण्यातली दोघं अ‍ॅपवर ओळख होऊन रविवारी संध्याकाळी पाचला कॅम्पातल्या एका इराण्याकडे भेटतात. ठरलेला वेळ तासाभराचा, उठतात आठला. बन-मस्का चहात बुडवून खावा की नाही यावर वाद होतो. सुदर्शन रंगमंचावर कधीच नाटक पाहिलं नाही असं ती बोलता बोलता सांगते. निघताना नंबरांची देवाणघेवाण होते, "मस्त वाटलं, भेटू परत" असं दोघंही म्हणतात. सोमवार जातो, मंगळवारही जातो. बुधवारी सकाळी दोघांच्याही मनात एकच वाक्य असतं: समोरून काही आलं नाही, म्हणजे तिकडे काही नसावं.

या गैरसमजाचा अभ्यास झालेला आहे. व्होरॉअर आणि रॅटनर या संशोधकांनी 1996 साली असाच प्रसंग तपासला. आपण पुढाकार का घेत नाही, याचं कारण लोक 'नकाराची भीती' असं देतात. समोरचा का घेत नाही, याचं कारण मात्र 'त्याला रस नाही' असं धरतात. कृती दोघांची एकच, म्हणजे गप्प बसणं, पण त्याचे अर्थ दोन लावले जातात. आपली भीती आपल्याला आतून दिसते, समोरच्याची दिसत नाही, एवढंच. म्हणून दोन-तीन दिवसांची शांतता दोन्हीकडून असेल, तर तिच्यातून नकार वाचू नये. त्या शांततेत अजून कुठलीच माहिती नसते.

'तीन दिवस थांबावं' हा सल्ला कुठून आला कुणास ठाऊक, पण तो पाळण्यासारखा नाही. त्याच रात्री 'घरी पोहोचलीस का?' विचारलं असतं तर उत्तमच. ते राहिलं असेल, तर भेटीतले बारकावे दोघांच्या डोक्यात ताजे आहेत तोवर, म्हणजे त्याच आठवड्यात, मेसेज जावा. आठवडा उलटला तरी बिघडत नाही, फक्त 'आठवडा कामात गेला' असं एक अर्धं वाक्य पुरे. उशिराबद्दल लांबलचक माफी मागितली की समोरच्याला आधी आपली समजूत काढावी लागते, आणि भेटीचा विषय बाजूलाच राहतो.

आता मेसेजात काय असावं? तीन गोष्टी: त्या संध्याकाळचा एखादा नेमका तपशील, वार-वेळ-जागेसह आमंत्रण, आणि सहज नाही म्हणता येईल अशी वाट. आपल्या केसमध्ये तो असं लिहील:

"रविवारी बोलता बोलता तीन तास कसे गेले कळलंच नाही. बन-मस्का चहात बुडवणाऱ्यांबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. या शनिवारी सुदर्शनला संध्याकाळी सातचा प्रयोग आहे, येतेस का? शनिवार जमत नसेल तर तुला सोयीचा दिवस सांग."

बन-मस्क्याच्या उल्लेखामुळे हा मेसेज दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. नाटक निवडल्याने आपण ऐकत होतो हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि दिवस ठरलेला असल्याने तिला फक्त हो-नाही करायचं आहे. 'परत कधी भेटायचं?' हा प्रश्न दिसायला नम्र, पण तो नियोजनाचं सगळं ओझं समोरच्यावर टाकतो. तिने तो ऑफिसात वाचला तर 'रात्री बघून सांगते' म्हणून बाजूला पडतो आणि तिथेच राहतो. नुसत्या 'हाय'चंही तेच. त्याला 'हाय' आलं की आपण पुन्हा सोमवारवर. रील पाठवणं, स्टेटस टाकून ते कुणी पाहिलं याची यादी तपासणं, फोटोला लाइक देणं, ही सगळी विचारल्यासारखं करून न विचारण्याची साधनं आहेत.

एक बारीक गोष्ट खास आपल्याकडची. भेटीत 'तुम्ही'वरून 'तू'वर आला असाल, तर मेसेजातही 'तू'च ठेवा. अवघडलेपणापोटी पुन्हा 'तुम्ही' लिहिलं की तीन तासांची जवळीक एका सर्वनामात परत जाते. उलट, निरोप घेताना 'तुम्ही'च असेल, तर फोनवर एकदम 'तू'ची उडी नको.

मजकूर चॅटच्या चौकटीत न लिहिता नोट्समध्ये लिहिलेला बरा. चॅटमध्ये लिहीत-खोडत बसलात आणि समोरचा ऑनलाइन असला, तर त्याला बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसतं आणि हाती काहीच येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. पुसला तर पुसल्याची खूण मागे राहते, आणि ती कुठल्याही चुकीच्या शब्दापेक्षा जास्त कुतूहल जागं करते. दोन राखाडी टिका म्हणजे मेसेज फोनवर पोहोचला, इतकंच. निळ्या टिका बंद ठेवता येतात, शिवाय पुष्कळजण वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचून घेतात. टिकांवरून मनःस्थिती ओळखू पाहणं हा भविष्यकथनाचाच प्रकार, कुंडली तेवढी नाही. नंबर घेतला नसेल तर अ‍ॅपवरच लिहा, पण अ‍ॅप रोज उघडलं जातंच असं नाही, म्हणून चार दिवस जास्त धरा. आडनाव शोधून लिंक्डइनवर गाठणं मात्र नको. जो मार्ग तिने दिला नाही त्या मार्गाने जाऊ नये.

उत्तर आलं की शब्दांच्या गोडव्यापेक्षा त्यात दुसरा दिवस आहे का ते पाहा. "अरे, शनिवारी बहिणीकडे जायचंय, रविवारी चालेल?" हा होकारच आहे. "नक्की! कळवते" हा शब्दांनी होकार, पण त्यात दिवस नाही. अशा वेळी "बरं, तुला वेळ झाला की सांग" इतकं लिहून चेंडू तिकडे ठेवावा. काही नाही आलं तर निदान पाठपुरावा करत बसावं लागत नाही. "छान वाटलं भेटून, पण पुढे जावंसं वाटत नाही" असं स्पष्ट आलं, तर "सांगितलंस ते बरं केलंस" हे एक वाक्य पुरे. कारण विचारू नये. कारण मिळालं तरी त्याचा उपयोग काही नाही.

काहीच उत्तर आलं नाही, तर आठवडाभराने एक, आणि एकच, हलका मेसेज चालतो; प्रवास, आजारपण, ऑफिसची गडबड यात उत्तरं खरोखर राहून जातात. त्यात आधीच्या मेसेजची आठवण किंवा तक्रार नको, नवं आमंत्रण असावं: "पुढच्या आठवड्यात आणखी एक प्रयोग आहे, यावंसं वाटलं तर सांग." त्यालाही उत्तर नसेल तर तेच उत्तर. यानंतर लोक दिवाळीची वाट पाहतात आणि पणतीचं चित्र असलेल्या शुभेच्छा पाठवतात, म्हणजे पाहिलं तर पाहिलं. समोरच्याला ते चित्र त्या दिवशी अजून चाळीस जणांकडून आलेलं असतं, आणि उत्तर आलंच तर तेही चित्रच येतं.